मातकट पाणी

जुलैतल्या एका मंगळवारी ऑफिसच्या बाथरूममध्ये मी पॅनिअरमधून घडी घातलेला क्रीम रंगाचा कुर्ता बाहेर काढला, तर त्याच्या घेरावर तळहाताएवढा तपकिरी डाग. सायकलच्या कॅरिअरला अडकवायची ती पिशवी नवी होती. तिच्यावर केशरी रेनकव्हर होतं आणि त्याचं इलॅस्टिक चारी बाजूंनी नीट बसलेलं होतं. झाकणावरून हात फिरवला, ते कोरडं ठणठणीत. दहाला मीटिंग होती. ओढणी पुढे घेऊन डाग झाकला आणि जाऊन बसले, पण सगळा वेळ एकच विचार डोक्यात होता. डाग मातकट होता, आणि आभाळातून पडणारं पाणी काही मातकट नसतं.

माझा रोजचा रस्ता डहाणूकर कॉलनीतून कॅम्पापर्यंत. कर्वे रस्ता, नळ स्टॉप, म्हात्रे पूल, दांडेकर पूल, सारसबाग, स्वारगेट, गोळीबार मैदान. साधारण नऊ किलोमीटर आणि पाऊण तास. पुण्याचा पाऊस मुंबईसारखा कोसळत नाही. भुरभुरतो, थांबतो, पुन्हा येतो. त्यामुळे आपण पावसाचा हिशेब वरच्या पाण्यावरून करतो. सर थांबली की रेनकोटची चेन खाली ओढतो आणि आता भिजायचं नाही असं धरून चालतो. रस्ता मात्र त्यानंतरही तास-दोन तास ओलाच असतो, आणि चाक ते पाणी उचलतच राहतं. त्या मंगळवारी पाऊस म्हात्रे पुलाच्या आधीच थांबला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी पिशवीत कपड्यांबरोबर वर्तमानपत्राचे कागद ठेवायला लागले. एक झाकणाखाली, एक बाहेरच्या बाजूला, एक चाकाकडच्या बाजूला आणि एक तळाशी. कागद साधा, शाईचा भाग कमी आणि समास मोठा असलेला, म्हणजे पाण्याचा रंग दिसतो. कपडे त्या आठवड्यात पाठीवरच्या सॅकमध्ये, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून नेले. पाठ घामानं भिजायची, पण ते तात्पुरतं होतं.

तीन दिवसांत चित्र स्पष्ट झालं. झाकणाखालचा कागद कोरडा. बाहेरच्या बाजूचाही कोरडा. चाकाकडच्या बाजूचा कागद खालच्या एक तृतीयांश भागात भिजलेला, आणि त्या भागावर बारीक वाळू. तळाचा कागद तर लगदा झालेला. रेनकव्हर काढून उलटं केलं तेव्हा त्यातून अर्धी वाटी गढूळ पाणी पडलं. ते बघितल्यावर सगळा उलगडा झाला. पॅनिअरचं रेनकव्हर पिशवीला वरून, बाहेरून आणि खालून वेढतं, पण कॅरिअरकडची बाजू त्याला उघडी ठेवावी लागते, कारण हूक तिथे असतात. चाकानं उडवलेलं पाणी नेमकं त्याच उघड्या बाजूवर आदळतं, कापडावरून ओघळून खाली येतं आणि कव्हरच्या तळात साठतं. मग शिवणीच्या प्रत्येक टाक्याच्या भोकातून ते वर शोषलं जातं. वरच्या पावसासाठी केलेलं कव्हर खालच्या पाण्यासाठी वाडगा झालं होतं.

नारायण पेठेत ज्यांच्याकडे मी सायकल दाखवते त्या काकांना हे सांगितलं. त्यांनी पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या चाकाला हात लावून म्हणाले, “ताई, पिशवीचं नंतर बघू. आधी चाक झाका.”

माझी हायब्रिड सायकल दुकानातून आली ती मडगार्डशिवाय. आता बहुतेक गिअरच्या सायकली तशाच येतात. बाबांच्या अठ्ठावीस इंची काळ्या सायकलला मात्र पोलादी मडगार्ड होतं, पूर्ण चेनकव्हर होतं, पुढच्या मडगार्डला खाली रबरी फ्लॅप होता. ते इस्त्रीची पँट घालून, वरून रेनकोट चढवून कारखान्यात जायचे आणि तसेच कामाला उभे राहायचे. कपडे बदलायची सोय नव्हती आणि गरजही पडत नव्हती. मी मडगार्ड बसवायला निघाले आहे म्हटल्यावर बाबा म्हणाले, “अगं, ते वेगळं घ्यावं लागतं का?” त्यांना खरोखर आश्चर्य वाटलं होतं.

चाक पाणी किती वर फेकतं, याचा हिशेब शाळेतल्या पदार्थविज्ञानावर होतो. ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. टायरच्या मागच्या कडेवरून, एक्सलच्या उंचीला जो थेंब सुटतो तो त्याच वेगानं सरळ वर निघतो आणि सुमारे सव्वा मीटर चढू शकतो. एक्सल जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर. म्हणजे थेंब एक मीटर साठ सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो, आणि सायकलबरोबर पुढेही सरकत असतो. पाठीवर मानेपर्यंत उठणारा तो चिखलाचा पट्टा इथून येतो. रुंद टायर पाणी दोन्ही बाजूंनाही उडवतो. वर कॅरिअरच्या दांड्यांवर आपटून थेंब फुटतात आणि दोन्ही पिशव्यांच्या आतल्या अंगाला बसतात. कॅरिअर वर आहे म्हणून मडगार्डचं काम होईल, असं मला आधी वाटायचं. दांड्यांच्या मधल्या फटी बघितल्या तर तसं वाटायला नको होतं.

सीटच्या नळीला चिमट्यानं अडकवायचं छोटं मडगार्ड मिळतं, ते काकांनी हातात घेऊन परत ठेवलं. त्यानं पाठ वाचते, पिशवी वाचत नाही, कारण ते चाकापासून फार वर असतं आणि कॅरिअर आला की त्याला जागाही उरत नाही. आम्ही पूर्ण लांबीचं घेतलं. माझे टायर ३८ मिलिमीटरचे, म्हणून मडगार्ड ५० मिलिमीटर रुंदीचं. टायरपेक्षा दहा-बारा मिलिमीटर जास्त रुंदी असली की दोन्ही कडा टायरच्या बाहेर येतात आणि बाजूला उडणारं पाणी आत अडतं. नेमक्या रुंदीचं बसवलं तर दिसायला सुबक दिसतं, पण पाणी कडेवरून निसटतं.

मग अंतर. टायर आणि मडगार्ड यांच्यात काकांनी करंगळी फिरवत सगळीकडे सारखी फट ठेवली, दीड सेंटिमीटरच्या आसपास. चांगल्या डांबरी रस्त्यासाठी एक सेंटिमीटर पुरतं. आमच्याकडे रस्ते खोदलेले, त्यांवर लाल माती, त्या मातीत खडी. फट कमी असली तर हा गारा मडगार्डच्या आत थापला जातो आणि चाक घासायला लागतं. घासण्याचा तो खरखर आवाज आला की थांबून काडीनं माती काढायची. तसंच रेटत नेलं तर मडगार्डची तार वाकते.

पुढच्या मडगार्डच्या तारांबद्दल काका नेहमीपेक्षा जास्त बोलले. पावसाळ्यात गुलमोहराच्या, रेनट्रीच्या फांद्या रस्त्यावर पडतात. एखादी काडी टायरबरोबर वर गेली आणि मडगार्डमध्ये अडकली, तर पुढचं मडगार्ड गोळा होऊन चाक जागच्या जागी थांबतं, आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून पुढच्या तारा सायकलच्या चिमट्याला जिथे जोडतात तिथे ओढ बसल्यावर सुटणारी प्लॅस्टिकची खाच असलेलं मडगार्ड घ्यायचं. आम्ही तेच घेतलं, आणि काकांनी एकदा हातानं हिसका देऊन ती खाच खरंच सुटते हे दाखवलं. मला वाटतं, प्रत्येक दुकानदारानं हे गिऱ्हाइकासमोर करून दाखवावं.

सगळ्यात उपयोगी भाग मात्र विकत मिळालाच नाही. पुढचं चाक जमिनीला टेकतं तिथून लगेच मागे सुटणारे थेंब फार वर जात नाहीत, ते सरळ पावलांवर, पेडलवर आणि पेडलच्या धुरीवर येतात. ते अडवायला पुढचं मडगार्ड खूप खालपर्यंत यायला हवं, आणि तयार मडगार्ड तिथे येत नाही. काकांनी पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनचं प्लॅस्टिक कापून, खाली रुंद होत जाणारा फ्लॅप केला आणि दोन छोट्या स्क्रूंनी मडगार्डच्या टोकाला लावला. त्याची खालची कड जमिनीपासून आठ सेंटिमीटरवर आहे. कडक पत्रा चालला नसता, कारण आमच्या गल्लीतल्या गतिरोधकावर तो आपटून तुटला असता. प्लॅस्टिक वाकतं आणि परत सरळ होतं. त्या दिवसापासून माझे सँडल वरच्या पावसानं भिजतात, पण त्यांच्यात वाळू येत नाही. चेनही जास्त दिवस गप्प असते.

मडगार्ड बसल्यावर मी पुन्हा कागद ठेवले. चाकाकडचा कागद आता फक्त दमट होता, वाळू नव्हती. तळाचा कागद मात्र अजून भिजत होता, पण पाणी स्वच्छ होतं. म्हणजे हे आभाळातलं, पिशवीच्या पाठीवरून आणि शिवणीतून झिरपलेलं. इथून पुढे प्रश्न पिशवीचा होता.

जलरोधक कापड आणि जलरोधक पिशवी यांत फरक आहे, आणि तो शिवणीत आहे. कापडावर लेप कितीही चांगला असो, सुई गेली की भोक पडतं. म्हणून चांगल्या पिशव्यांचे तुकडे शिवत नाहीत, उष्णतेनं एकमेकांवर चिकटवतात, आणि तोंडाला चेन न लावता ते गुंडाळून बंद करायची सोय करतात. सायकलच्या पिशव्यांमध्ये अशी तऱ्हा रूढ करण्यात १९८२ साली जर्मनीत सुरू झालेल्या ऑर्टलीबचा मोठा वाटा आहे. आता तशा पिशव्या भारतातही बनतात. जोडावर बोट फिरवलं की कळतं. टाके लागत नाहीत, सपाट पट्टी लागते.

मी पूर्ण जलरोधक पॅनिअर घेतलं नाही. जुनी शिवलेली पिशवी बाहेर ठेवली आणि तिच्या आत पंधरा लिटरची गुंडाळायच्या तोंडाची ड्राय बॅग घातली. याचं कारण पैसे एवढंच नव्हतं. पावसात नऊ किलोमीटर आलेल्या पॅनिअरचं बाहेरचं अंग घाणच असतं. ते ऑफिसच्या फरशीवर ठेवायला मला आवडत नाही. आता बाहेरची पिशवी सायकलवरच राहते आणि स्वच्छ, कोरडी आतली पिशवी तेवढी हातात घेऊन मी जिना चढते. बाहेरच्या पिशवीच्या तळाला, दोन कोपऱ्यांत, पेठेतल्या एका ताडपत्रीवाल्याकडून पितळी रिंगची दोन भोकं पाडून घेतली. त्यानं विचारलं, “पाण्याच्या पिशवीला भोकं कशाला, मॅडम?” मी म्हटलं, आत आलेलं पाणी बाहेर जायला. रेनकव्हर आता घरी पडून आहे.

ड्राय बॅगचं तोंड बंद करण्यात बहुतेक जण एकच चूक करतात, मीही केली. पिशवी गच्च भरली की तोंड एकदाच दुमडतं, बकल लागतो आणि काम झालं असं वाटतं. पण एका दुमडीच्या सुरकुत्यांतून पाणी आत ओढलं जातं. दाबून हवा काढायची, दोन्ही कडा सरळ एकमेकींवर जुळवायच्या, आणि ताठ ठेवत किमान तीन वेळा गुंडाळायचं, मगच बकल. तीन घड्या बसत नसतील तर सामान जास्त आहे, काहीतरी काढायचं. पंधरा लिटरच्या पिशवीत म्हणूनच मी दहा-अकरा लिटरएवढंच भरते.

ऑगस्टच्या सुरुवातीला एकदा सलवारीवर रुपयाएवढा ओला ठिपका आला. स्वच्छ पाणी, तळाशी. घरी पिशवीत हवा भरली, तोंड गुंडाळलं आणि बादलीत बुडवून हळूहळू फिरवली. खालच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली. सायकलचं कुलूप मी त्याच पॅनिअरमध्ये टाकत होते, त्याची कड घासून टाचणीएवढं भोक पडलं होतं. पेननं खूण केली, वाळवली आणि पंक्चरचं सोल्युशन लावून ठिगळ मारलं. ते आठवड्यात सोलून आलं, कारण ते सोल्युशन रबरासाठी असतं, या लेपाच्या कापडाला ते धरत नाही. मग लवचीक पॉलियुरेथेनचा गोंद आणून आतल्या बाजूनं लावला आणि रात्रभर ठेवला, तो अजून टिकून आहे. कुलूप दुसऱ्या पिशवीत गेलं.

एवढं सगळं करूनही एक ओल उरली, आणि ती ओळखायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. कागदावर थेंब नाही, डाग नाही, रंग नाही, पण कागद मऊ पडलेला. कुर्त्याला कुबट वास. हे पाणी मीच आत भरत होते. सकाळी गरम इस्त्री फिरवली की लगेच घडी घालून पिशवी बंद करायचे. इस्त्रीची वाफ कापडातच असायची, आणि जे तोंड पाणी आत येऊ देत नाही ते वाफ बाहेरही जाऊ देत नाही. परतीच्या वेळी ओला रेनकोट त्याच पिशवीत कोंबला तर काय होतं ते सांगायला नको. आता इस्त्री झाल्यावर कपडे पंख्याखाली पंधरा मिनिटं टांगते, हाताला गार लागले की मगच घडी. ऑफिसला पोहोचल्यावर आधी पिशवी उघडते, मग हातपाय धुते. रात्री पिशवी उलटी करून गॅलरीतल्या दांडीवर लटकवते. ओली गुंडाळून कपाटात टाकलेल्या पिशवीचा आतला लेप आपल्या दमट हवेत चिकट होतो आणि त्याचे पोपडे निघतात. माझ्या जुन्या सॅकचं तेच झालं होतं, आणि त्याला उपाय नाही.

पंधरा ऑगस्टला ऑफिसात सकाळी आठला झेंडावंदन असतं. मला त्या दिवशी आईची पांढरी, लाल काठाची कॉटनची साडी नेसायची होती. खळ घातलेली साडी हवेतली ओलसुद्धा ओढून घेते आणि मलूल पडते, म्हणून ही परीक्षा कुर्त्यापेक्षा कठीण होती. आदल्या रात्री नाही, पहाटे पाचला इस्त्री केली. पंख्याखाली ठेवली. मग फाइलच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या पातळ तक्त्यावर ती सैल गुंडाळली, म्हणजे कुठेही तीक्ष्ण घडी पडत नाही. वर परकर, त्यावर ब्लाउज, पिना एका डबीत. हवा काढली, तीन घड्या, बकल. आणि दोन्ही पॅनिअरच्या तळाला, जुन्या सवयीनं, एकेक कागद.

साडी डाव्या पिशवीत घातली, तेही विचार करून. आपण रस्त्याच्या डाव्या कडेनं चालवतो, म्हणून बस आणि गाड्या उजवीकडून पाणी उडवत जातात. ते आडवं पाणी कुठलंही मडगार्ड अडवू शकत नाही, मधे सायकल आणि उजवी पिशवी तेवढी असते. शिवाय चेन उजवीकडे, तिचं तेलही तिकडेच. उजव्या पिशवीत कुलूप, पंप, ओला होणारा रेनकोट.

त्या सकाळी म्हात्रे पुलापर्यंत भुरभुर होती, पुढे पावसानं जोर धरला. दांडेकर पुलाजवळ रस्त्याच्या कडेला पाणी तुंबलेलं. माझ्या पॅनिअरचा तळ जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर आहे, म्हणजे बरोबर एक्सलच्या उंचीवर. पाणी एक्सलपर्यंत आलं की पिशवी त्यात बुडते, आणि चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीसही धुऊन निघायला लागतं. पुढे जाणाऱ्या रिक्षाच्या चाकाकडे बघत थांबले. तिचं चाक अर्ध्यापेक्षा बरंच कमी बुडत होतं. तेवढ्या पाण्यातून उतरून, सायकल हातात धरून पलीकडे गेले. स्वारगेटला बसनं उजवीकडून पूर्ण भिजवलं, कमरेपासून खाली.

पावणेआठला साडी तक्त्यावरून उलगडली. काठ ताठ होता. निऱ्या घालताना खळीचा तो कागदासारखा आवाज आला. अकरापर्यंत सरी येत-जात होत्या, मग मी घरी निघाले.

घरी पिशव्या उलट्या करताना दोन्ही कागद काढले. उजवा तपकिरी, वाळूनं खरखरीत. डावाही ओला होता, पण त्याचा समास पांढरा होता.